दोन यंत्रं, एक पडदा: सेटटॉप बॉक्स, टीव्ही आणि दोन रिमोटांचा घोळ

कराडहून आत्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "अरे, टीव्ही गेला बघ." मी विचारतो, "गेला म्हणजे काय झालं? पडद्यावर काय दिसतंय?" ती म्हणते, "काही नाही." थोडं आणखी खोदलं की कळतं, पडदा निळा आहे आणि त्यावर एक चौकट फिरतेय. म्हणजे टीव्ही ठणठणीत आहे. बॉक्ससुद्धा चालूच आहे. दुपारी टीव्ही पुसताना रिमोटवरचं एक बटण दाबलं गेलंय, इतकंच.

आत्याचं चुकत नाही. केबलचं डिजिटायझेशन होण्याआधी, म्हणजे मुंबईत २०१२ अखेरपर्यंत, पुणे-नागपूरसारख्या शहरांत २०१३ पर्यंत आणि लहान गावांत त्यापुढेही काही वर्षं, केबलवाल्याची काळी वायर थेट टीव्हीच्या पाठीत जायची. चॅनेल टीव्हीच्या रिमोटने बदलायचे, आवाजही त्यानेच. मधे बॉक्स आला आणि काम वाटलं गेलं. चॅनेल बॉक्स लावतो, चित्र आणि आवाज टीव्ही दाखवतो-ऐकवतो. पडदा मात्र एकच राहिला, त्यामुळे बोलतंय कोण हे कळत नाही. घरातला 'टीव्ही बिघडला' हा प्रकार बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

पडद्यावर बोलतंय कोण?

म्हणून दुरुस्ती सुरू करायच्या आधी ही एक गोष्ट ठरवून टाका. पडद्यावरचा मजकूर टीव्हीचा आहे की बॉक्सचा?

टीव्हीचा मजकूर साधा असतो. काळ्या किंवा निळ्या पडद्यावर `No Signal` असे दोनच शब्द, बऱ्याचदा इकडून तिकडे तरंगणारे, आणि कोपऱ्यात `HDMI 1` किंवा `AV` असं नाव. याचा अर्थ एवढाच, की टीव्ही ज्या भोकाकडे कान लावून बसलाय तिथून त्याला काहीच ऐकू येत नाही. छत्री, पाऊस, रिचार्ज, केबलवाला यांपैकी कशाचाही इथे संबंध नाही. कस्टमर केअरला फोन करू नका, ते अर्धा तास बॉक्स बंद-चालू करायला लावतील.

बॉक्सचा मजकूर वेगळा दिसतो. त्यात कंपनीचं चिन्ह असतं, रंगीत पट्टी असते, एखादा एरर नंबर असतो, आणि सिग्नल मिळत नाही किंवा हे चॅनेल तुमच्या पॅकमध्ये नाही असं पूर्ण वाक्य असतं. असा मजकूर दिसतोय म्हणजे बॉक्सपासून टीव्हीपर्यंतचा रस्ता शाबूत आहे. अडचण बॉक्सच्या मागे आहे: वायरीत, छत्रीत किंवा रिचार्जमध्ये.

अजून खात्री हवी असेल तर बॉक्सच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. मेनू उघडला तर बॉक्स आणि टीव्ही एकमेकांशी जोडलेले आहेत. नाही उघडला तर बॉक्सवरचा दिवा बघा. तो लाल असेल तर बहुतेक बॉक्सांत त्याचा अर्थ बॉक्स झोपलाय, आधी त्याला त्याच्याच रिमोटने उठवा. हिरवा किंवा निळा असूनही मेनू दिसत नसेल तर टीव्ही चुकीच्या इनपुटवर आहे, असं धरून चाला.

वायर कुठे लावलीय, ते एकदा नीट बघून ठेवा

इनपुट बदलायला शिकण्याआधी टीव्ही थोडा पुढे ओढा आणि मागे मोबाइलची बॅटरी मारून बघा. एचडी बॉक्स असेल तर चपटी, कडा छाटलेली एचडीएमआय पिन असते. ती ज्या भोकात आहे त्याच्या शेजारी छोटा आकडा छापलेला असतो: १, २ किंवा ३. हाच आकडा आपल्याला पडद्यावर निवडायचा आहे. एखाद्या भोकापाशी `ARC` लिहिलेलं असतं. ते साउंडबारसाठी मोकळं ठेवा आणि बॉक्स दुसऱ्या भोकात लावा.

जुन्या एसडी बॉक्सला पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन टोकांची वायर असते. पिवळ्यातून चित्र जातं, उरलेल्या दोन्हींतून आवाज. गोंधळ होतो तो नव्या टीव्हीवर, कारण तिथे अनेकदा पिवळं भोक नसतंच. काही टीव्हींत हिरव्या भोकाभोवती पिवळी कडा असते किंवा शेजारी `VIDEO` लिहिलेलं असतं. पिवळी पिन त्यात घालायची आणि पडद्यावर `AV` निवडायचं. चुकून `Component` निवडलंत तर चित्र येतं, पण कृष्णधवल. एका शेजाऱ्यांनी चार दिवस जुन्या जमान्यातला टीव्ही पाहिला आणि पिक्चर ट्यूब गेली असं समजून मेकॅनिकला बोलावलं. एलईडी टीव्हीला पिक्चर ट्यूब!

दुसऱ्या प्रकारात तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच छोटं भोक असतं. त्यासाठीची आखूड जोडवायर टीव्हीच्या खोक्यात मिळते आणि खोक्यासोबत रद्दीत जाते. बाजारातून दुसरी आणलीत तर तिची आतली जोडणी वेगळी असू शकते. चित्राऐवजी गुणगुण ऐकू आली तर पिवळी पिन लाल भोकात आणि लाल पिन पिवळ्यात अशी अदलाबदल करून बघा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

इनपुट बदलणं

आता टीव्हीचा रिमोट हातात घ्या, बॉक्सचा नाही. त्यावर `Source`, `Input`, `TV/AV` असं काहीतरी लिहिलेलं किंवा चौकटीत शिरणाऱ्या बाणाचं चित्र असलेलं बटण असतं. ते एकदाच दाबा आणि थांबा. पडद्यावर यादी उघडते. वर-खाली बाणांनी आपल्या आकड्यावर जा आणि मधलं ओके दाबा.

थांबा असं म्हणण्यामागे कारण आहे. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक दाबाला निवड एक घर पुढे सरकते आणि दोन-तीन सेकंद काही केलं नाही तर तीच पक्की होते. माणूस घाबरून बटण पटापट दाबतो, हवं ते घर मागे पडतं, मग पुन्हा एक फेरी. आणि बरोबर घर सापडलं तरी चित्र लगेच येत नाही, एचडीएमआयवर ते यायला तीन-चार सेकंद जातात. तेवढ्यात "हेही नाही" म्हणून पुढचं दाबलं जातं. आत्याला मी फोनवर सांगतो, "ओके दाब आणि पाचपर्यंत मोज."

बऱ्याच टीव्हींत इनपुटचं नाव बदलता येतं. `HDMI 2` च्या जागी तयार यादीतून केबल किंवा सेटटॉप असं नाव द्या. घरातल्या वयस्कर माणसाला आकडा लक्षात ठेवण्यापेक्षा ते सोपं जातं.

स्मार्ट टीव्हीची आणखी एक खोड आहे. वीज जाऊन आली की तो बॉक्सवर परत न जाता स्वतःच्या होम स्क्रीनवर उघडतो. तिथे ॲपची चित्रं दिसतात, आणि आत्या म्हणते, "आज सगळं मोबाइलसारखं झालंय." सेटिंगमध्ये टीव्ही चालू झाल्यावर काय दाखवायचं, हा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. तिथे शेवटचं इनपुट किंवा थेट एचडीएमआय निवडा. नाव कंपनीगणिक वेगळं असतं, पण ते सहसा पॉवर किंवा जनरल अशा सेटिंगांत सापडतं. निम्मे फोन या एका सेटिंगने कमी होतात.

बॉक्सच्या रिमोटला टीव्हीची भाषा शिकवणं

दोन रिमोट म्हणजे रोजची कटकट. एकाने टीव्ही लावायचा, दुसऱ्याने बॉक्स, पहिल्याने आवाज, दुसऱ्याने चॅनेल. म्हणून रोजच्या वापराला बॉक्सचा एकच रिमोट पुरावा अशी सोय करायची. बहुतेक केबल आणि डीटीएच रिमोटांवर तीन-चार बटणं वेगळ्या चौकटीत असतात, वर `TV` लिहिलेलं असतं आणि जवळ `SET` नावाचं बटण असतं. ही बटणं कोरी असतात. टीव्हीच्या रिमोटकडून ती शिकतात.

सुरुवात करण्याआधी दोन्ही रिमोटांत नवे सेल घाला. अर्धमेल्या सेलवर शिकवलेलं बटण अर्धवट शिकतं: आज चालतं, उद्या नाही. मग हे करा:

१. टीव्हीचा रिमोट आणि बॉक्सचा रिमोट सपाट टेबलावर नाकासमोर नाक ठेवा, मधे दोन-तीन बोटांचं अंतर. एक जाड आणि एक पातळ असेल तर पातळाखाली मासिक किंवा वही सरकवून पुढचे काचेचे बल्ब एका उंचीवर आणा. ऊन पडत असेल तर पडदा ओढा.

२. टीव्ही समोर असेल तर तो त्याच्या स्विचवरून बंद करा. नाहीतर पॉवरचं बटण शिकवताना तोही चालू-बंद होत राहतो आणि तुम्ही गोंधळता.

३. बॉक्सच्या रिमोटवरचं `SET` दाबून धरा. साधारण तीन ते पाच सेकंदांत त्याचा लाल दिवा स्थिर पेटतो. मग बोट काढा.

४. आता बॉक्सच्या रिमोटवरचं जे बटण शिकवायचं ते दाबा, समजा टीव्हीचं पॉवर. दिवा लुकलुकतो किंवा विझतो. रिमोट आता ऐकायला तयार आहे.

५. टीव्हीच्या रिमोटवरचं पॉवर दाबा. साधा एक दाब, धरून ठेवायचं नाही. दिवा दोन-तीनदा झपाझप लुकलुकला म्हणजे शिकला.

६. पुढचं बटण तसंच शिकवा: आधी शिकणारं, मग शिकवणारं. सगळं झालं की `SET` एकदा दाबून बाहेर या. मधे दहा-पंधरा सेकंद थांबलात तर रिमोट आपणहून बाहेर पडतो, मग तिसऱ्या पायरीपासून पुन्हा.

फसतं ते बहुधा पाचव्या पायरीवर. बटण धरून ठेवलं की टीव्हीचा रिमोट तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवतो आणि शिकणाऱ्याला त्याचा शेवट सापडत नाही. परिणाम असा, की आवाज एकदा दाबल्यावर पाच घरं चढतो किंवा अजिबात चढत नाही. तेवढं एकच बटण पुन्हा शिकवा.

काही रिमोट शिकत नाहीत, त्यांना टीव्हीच्या कंपनीचा आकडी कोड द्यावा लागतो. तसला असेल तर कोडांची यादी बॉक्ससोबतच्या पत्रकात असते. तिथे एका कंपनीसाठी अनेक कोड दिलेले असतात. पॉवर चाललं तरी लगेच खूश होऊ नका, आवाजही चालतोय ना ते तपासा. अर्धवट जुळणारे कोड खूप असतात.

रिमोट शिकतच नाही तेव्हा

आत्याकडे नवा टीव्ही आला तेव्हा मी ही सगळी कसरत केली. पॉवर लगेच शिकला, आवाज काही केल्या शिकेना. सेल बदलले, अंतर बदललं, ट्यूबलाइट बंद केली. शेवटी मोबाइलचा कॅमेरा काढला आणि उलगडा झाला.

साध्या रिमोटच्या नाकातला बल्ब डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र तो फिकट जांभळा ठिपका म्हणून दिसतो. मागचा कॅमेरा तो गाळून टाकत असेल तर सेल्फीचा वापरा. त्या टीव्हीच्या रिमोटवर पॉवर दाबलं की ठिपका चमकत होता, आवाज दाबल्यावर काहीच नाही. म्हणजे आवाजाचं बटण ब्लूटूथवर चालत होतं, आणि ब्लूटूथ बॉक्सच्या रिमोटला ऐकूच येत नाही. त्याला शिकवायचं कोणी?

तोडगा दुसऱ्या दिवशी बाजारात मिळाला. त्याच कंपनीच्या टीव्हीसाठीचा साधा बाजारू रिमोट आणला, शंभर-दीडशेचा. आधी त्याने टीव्हीचा आवाज वाढतो का ते पाहिलं. वाढला. अशा बऱ्याच टीव्हींत जुना अवरक्त डोळा अजून असतो, पण सगळ्यांत नसतो, म्हणून दुकानात परतीचं बोलून घ्या. मग त्या रिमोटला मास्तर केलं आणि त्याच्याकडून बॉक्सच्या रिमोटला आवाज शिकवला. पाच मिनिटांचं काम.

हीच कॅमेऱ्याची युक्ती मेलेला रिमोट ओळखायलाही उपयोगी पडते. ठिपका दिसतो पण बॉक्स ऐकत नाही, तर दोष बॉक्सच्या डोळ्यात किंवा त्याच्यासमोर ठेवलेल्या गणपतीच्या मूर्तीत. ठिपकाच नाही, तर सेल काढून स्प्रिंगवरचा हिरवट गंज कोरड्या कापडाने पुसा आणि मगच नवा रिमोट आणायचा विचार करा. आणायचाच झाला तर बॉक्सच्या तळाच्या स्टिकरचा फोटो दुकानात न्या. एकाच कंपनीच्या एसडी आणि एचडी बॉक्सांचे रिमोट वेगळे असू शकतात.

ब्लूटूथचा रिमोट, अँड्रॉइडचा बॉक्स

ॲप चालवणाऱ्या नव्या बॉक्सांचा रिमोट मात्र खरोखर पेअर करावा लागतो. माइकचं बटण असेल तर तो ब्लूटूथवाला असं समजा. पहिल्यांदा बॉक्स लावल्यावर कोणती दोन बटणं एकत्र धरायची ते पडद्यावर चित्रासकट येतं. रिमोट बॉक्सपासून हातभर अंतरावर धरा आणि पडद्यावर जुळल्याचा संदेश येईपर्यंत बोटं काढू नका.

जोडी तुटल्याची खूण म्हणजे पॉवर चालतो, पण माइक मुका होतो. काही बॉक्सांत बाकीची बटणंही रिमोट बॉक्सकडे नेमका रोखल्याशिवाय चालत नाहीत. तेव्हा सेटिंगमध्ये `Remotes & Accessories` उघडा, जुनं नाव काढून टाका आणि नव्याने जोडा. पण रिमोटच चालत नसेल तर सेटिंगपर्यंत जायचं कसं? कॉम्प्युटरचा साधा यूएसबी माउस बॉक्सच्या मागे खोचा. पडद्यावर बाण येतो आणि सगळं त्याने दाबता येतं.

चित्र आहे, आवाज नाही. आवाज आहे, चित्र नाही

आवाजाच्या दोन चाव्या आहेत, एक बॉक्सची आणि एक टीव्हीची. दोन्ही मधेच कुठेतरी असल्या की जाहिरात किंचाळते आणि मालिका ऐकू येत नाही. बॉक्सचा आवाज एकदाच जवळपास पूर्ण चढवा आणि नंतर त्याला हात लावू नका. कमी-जास्त फक्त टीव्हीचा. रिमोटला टीव्हीचा आवाज शिकवायचा तो याचसाठी.

काही एचडी चॅनेलांवरच आवाज गायब असेल तर बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बीऐवजी `PCM` किंवा स्टिरिओ निवडा. जुन्या टीव्हीला डॉल्बीचा प्रवाह उलगडता येत नाही, म्हणून तो गप्प बसतो.

टीव्ही बदलल्यावर बॉक्स चालू, इनपुट बरोबर, तरी पडदा काळा असेल तर बॉक्स पूर्वीच्या टीव्हीला झेपणारं रेझोल्यूशन पाठवतोय, अशी शक्यता असते. एचडी बॉक्सला तीन रंगी वायरचंही भोक असेल तर ती वायर जोडा आणि `AV` वर जा. तिथे मेनू दिसला तर रेझोल्यूशन खाली आणा आणि परत एचडीएमआयवर या.

बॉक्सच सिग्नल नाही म्हणत असेल तर

पाऊस जोरात असेल तर थांबा. डीटीएचच्या लहरींना दाट सरी अडवतात, सर ओसरली की चित्र आपोआप येतं. छत्री हलवायला गच्चीवर जाऊ नका.

पाऊस नसेल तर बॉक्समागची आट्याची पिन तपासा, पण आधी बॉक्सचा स्विच बंद करा. डीटीएचचा बॉक्स त्याच वायरीतून छत्रीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, म्हणजे एलएनबीला, १३ किंवा १८ व्होल्ट पुरवत असतो. चालू बॉक्सची पिन सोडवताना मधली तांब्याची तार आणि भोवतीची जाळी एकमेकींना टेकली तर शॉर्ट होतो. पिन काढून निरखा: जाळीचा एखादा केसभर धागा मधल्या तारेला चिकटलेला दिसतो का? तो कात्रीने काढा, पिन हाताने घट्ट आवळा, पक्कड नको. केबलच्या बॉक्सला छत्रीच नसते, त्यामुळे तिथे पिन घट्ट आहे हे पाहून पुढचं केबलवाल्यावर सोपवा.

आत्याच्या रिमोटला मी पॉवर आणि आवाज शिकवला, इनपुटचं बटण मुद्दाम कोरं ठेवलं. अंगठा चुकून तिथे गेला तरी काही होत नाही. टीव्हीचा मूळ रिमोट शोकेसच्या खणात आहे, पाठीवर चिकटपट्टी लावलेला. पट्टीवर तिच्याच अक्षरात लिहिलंय: निळं दिसलं तर, बाणाचं बटण, दोन नंबर, ओके, पाच मोज.